गडग्यावरचं भांडण, अजामीनपात्र कलम आणि जामिनाचा अर्ज

पत्र

वकीलसाहेब,
आमच्या कलमांच्या बागेच्या गडग्यावरून चुलत्यांशी जुना वाद आहे. माझा धाकटा भाऊ मुंबईला नोकरीला असतो. आंब्यासाठी रजा काढून आला होता. बागेत झाडोरा तोडत असताना चुलतभाऊ आला, बाचाबाची झाली आणि भावाच्या हातातला कोयता त्याच्या मनगटाला लागला. हाड मोडलं. भावाच्याही कपाळाला दगड लागून टाके पडले. पोलिसांनी ११८(२) लावून त्याला अटक केली. तीन दिवस पोलीस कोठडी झाली, आता तो रत्नागिरीच्या तुरुंगात आहे. अजामीनपात्र कलम आहे, खटला संपेपर्यंत सुटणार नाही, असं सगळे आईला सांगतात. पण गेल्या वर्षी वाडीतल्याच एकाने धक्काबुक्कीत शेजाऱ्याचा पाय मोडला, तो त्याच संध्याकाळी ठाण्यातून घरी आला होता. मग आमच्यालाच जामीन का नाही? गावकीची मंडळी म्हणतात, चुलत्यांकडे जाऊन केस मागे घ्यायला लावतो. शिवाय सातबारा अजून आजोबांच्या नावावर आहे. जामीन राहायचं कोणी?
– एक बहीण, रत्नागिरी तालुका

उत्तर

ताई,

आईला आधी एवढं सांगा, की लोक तिला चुकीचं सांगतायत. अजामीनपात्र गुन्ह्यातही जामीन मिळतो, रोज मिळतो. जामीनपात्र गुन्ह्यात जामीन हा आरोपीचा हक्क असतो. आरोपी हमी द्यायला तयार असेल तर ठाण्यातल्या अधिकाऱ्याने त्याला सोडायलाच हवं, तिथे त्याच्या मर्जीचा प्रश्न नाही. अजामीनपात्र गुन्ह्यात तोच जामीन न्यायालयाकडे मागावा लागतो आणि न्यायाधीश सगळी परिस्थिती बघून तो देतात किंवा नाकारतात. तुमचा भाऊ आज या दुसऱ्या रांगेत आहे.

पाय मोडणारा त्याच संध्याकाळी घरी आला, यात पोलिसांनी कोणाला झुकतं माप दिलं असं दिसत नाही. भारतीय न्याय संहितेत नुसत्या हाताने किंवा धक्क्याने हाड मोडलं तर कलम ११७(२) लागतं. त्याला ७ वर्षांपर्यंत शिक्षा आहे, तरी तो गुन्हा जामीनपात्र आहे. तेच हाड कापायच्या किंवा भोसकायच्या हत्याराने मोडलं तर कलम ११८(२) लागतं. त्यात किमान १ वर्ष, जास्तीत जास्त १० वर्षं किंवा जन्मठेपही होऊ शकते आणि तो गुन्हा अजामीनपात्र आहे. कोयता रोजच्या कामाचा असला तरी कायद्याच्या नजरेत ते कापायचं हत्यार आहे. कोणता गुन्हा कुठल्या रांगेत हे पोलीस ठरवत नाहीत. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या पहिल्या अनुसूचीत प्रत्येक कलमासमोर ते छापलेलं असतं. ही वाटणी नेहमी शिक्षेच्या आकड्यावरून होते असंही नाही. पाच हजारांवरच्या मालाच्या चोरीला पहिल्या वेळी फार तर ३ वर्षांची शिक्षा आहे, पण ती अजामीनपात्र आहे. म्हणून ‘अजामीनपात्र’ हा शब्द ऐकून गुन्हा किती मोठा याचा अंदाज बांधत बसू नका.

कलम योग्य लागलंय का, हे मात्र तपासायला हवं. सगळा डोलारा मनगटाच्या त्या हाडावर उभा आहे. न्याय संहितेच्या कलम ११६ मध्ये ‘गंभीर दुखापत’ कशाला म्हणायचं ते ठरवून दिलं आहे. हाड मोडणं किंवा सांधा निखळणं त्यात येतं. पंधरा दिवस तीव्र वेदना राहिल्या किंवा तेवढे दिवस माणसाला आपली नेहमीची कामं करता आली नाहीत, तरी ती दुखापत गंभीर ठरते. (जुन्या दंड संहितेत हीच मुदत वीस दिवसांची होती.) नुसती खोल जखम होऊन टाके पडले, हाड शाबूत राहिलं, तर कलम ११८(१) वर येतं आणि शिक्षा ३ वर्षांपर्यंत खाली उतरते. प्राथमिक आरोग्य केंद्रात पहिल्या रात्री लिहिलेला दाखला आणि नंतर जिल्हा रुग्णालयात काढलेल्या एक्स-रेचा अहवाल, हे दोन्ही कागद वकिलाने शेजारी ठेवून वाचले पाहिजेत. पहिल्या दाखल्यात ‘साधी’ आणि दुसऱ्यात ‘गंभीर’ असं लिहिलेलं असतं, तेव्हा जामिनाच्या सुनावणीत त्या फरकावर बोलता येतं. त्याचबरोबर तपासात पुढे १०९, म्हणजे खुनाचा प्रयत्न, हे कलम वाढवलं जातंय का याकडे लक्ष ठेवा. तो गुन्हा फक्त सत्र न्यायालयात चालतो आणि मग अर्जाची सगळी आखणी बदलावी लागते.

आता अर्ज कुठे करायचा. अटकेनंतर चोवीस तासांत भावाला न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर उभं केलं गेलं असणार आणि त्यांनीच आधी पोलीस कोठडी व मग न्यायालयीन कोठडी दिली. कोर्टात याला पीसीआर आणि एमसीआर म्हणतात. एमसीआर झाली की जामिनाचा अर्ज टाकायची वेळ झाली. पोलिसांना जे विचारायचं, जप्त करायचं होतं ते झालं, असं आता म्हणता येतं. पहिला अर्ज बहुधा त्याच न्यायदंडाधिकाऱ्यांकडे करतात. इथे एक अडचण आहे. मृत्युदंड किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्यात आरोपी दोषी आहे असं मानायला सकृतदर्शनी आधार असेल, तर न्यायदंडाधिकाऱ्यांनी जामीन देऊ नये, असं सुरक्षा संहितेच्या कलम ४८० मध्ये म्हटलं आहे. ११८(२) च्या शिक्षेत जन्मठेपेचा उल्लेख आहे, पण हा खटला चालवायचा असतो प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांनीच. त्यामुळे काही न्यायदंडाधिकारी असे अर्ज ऐकून मंजूर करतात, तर काही जण जन्मठेपेकडे बोट दाखवून फेटाळतात. फेटाळला तर घरात सुतक आल्यासारखं बसू नका. सत्र न्यायालयाला कलम ४८३ खाली स्वतंत्र अधिकार आहेत, त्याला ही आडकाठी नाही. अशा प्रकरणांत रत्नागिरीतले अनेक वकील आधीपासूनच सत्र न्यायालयातल्या अर्जाचा मसुदा तयार ठेवतात. दुसऱ्या अर्जात पहिला अर्ज केला होता आणि तो कधी, का फेटाळला, हे स्पष्ट लिहावं लागतं. ते लपवलं तर चांगली बाजूही हातची जाते.

सत्र न्यायालयातही नाही मिळाला, तर उच्च न्यायालय. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गाला त्यासाठी आता मुंबई गाठावी लागत नाही. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं कोल्हापूर सर्किट बेंच सुरू झालं आहे आणि हे दोन्ही जिल्हे त्याच्या कक्षेत आहेत. तुमच्या प्रकरणात तिथपर्यंत जावं लागू नये असं मला वाटतं. का, ते सांगतो.

जामिनाच्या अर्जावर न्यायाधीश गुन्हा सिद्ध झाला की नाही हे ठरवत नाहीत. ते पुढे खटल्यात ठरेल. आत्ता त्यांना तीन प्रश्न पडलेले असतात. हा माणूस बाहेर गेला तर तारखांना येईल का? साक्षीदारांना धमकावेल, फोडेल किंवा पुरावा नाहीसा करेल का? आणि पुन्हा असंच काही करेल का? त्यांच्याजोडीला गुन्हा किती गंभीर आहे आणि कागदावर आरोपीविरुद्ध किती आहे, हे पाहिलं जातं. तुमच्या भावाचं एकेक बघू.

गुन्हा गंभीर आहेच, ते नाकारून उपयोग नाही. पण गंभीर म्हणजे नेमकं काय घडलं हे न्यायाधीशांसमोर आलं पाहिजे. वार एकच झाला का? तो मनगटावर आहे, मानेवर किंवा डोक्यात नाही. कोयता घरातून मुद्दाम आणलेला नव्हता, बागेत झाडोरा तोडायच्या कामासाठी तो आधीपासून हातात होता. भांडण अचानक उसळलं. त्याच वेळी भावाच्या कपाळालाही दगड लागून टाके पडले. हा शेवटचा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. अटक झाल्यावर आरोपीची वैद्यकीय तपासणी करावी लागते. त्या तपासणीच्या कागदावर कपाळाची जखम आणि टाके नोंदले गेले असतील, तर मारामारी दोन्ही बाजूंनी झाली हे सरकारी कागदावरूनच दिसतं. ती नोंद आणि टाके घातले त्या दवाखान्याचा केसपेपर वकिलाला लगेच द्या. भावाने किंवा तुम्ही उलट तक्रार दिली असेल तर तिची प्रतही द्या. दिलेली नसेल, तर आता केवळ जामिनासाठी रचलेली वाटेल अशी तक्रार देऊ नका. जे घडलं तेच, वकिलाला विचारून द्या.

तपासाचा मुद्दा तुमच्या बाजूने आहे. कोयता जप्त झाला, जागेचा पंचनामा झाला, कपडे ताब्यात घेतले, जखमी घरी आला, त्याचा आणि बागेतल्या गड्यांचा जबाब झाला, असं असेल तर भावाला आत ठेवून तपासाला आणखी काय मिळणार, हा प्रश्न सरकारी पक्षाला विचारता येतो. नव्या सुरक्षा संहितेप्रमाणे पोलीस कोठडीचे पंधरा दिवस सलग घ्यावे लागत नाहीत. अशा गुन्ह्यात पहिल्या साठ दिवसांत ते तुकड्या-तुकड्यांनी मागता येतात. म्हणून कधी कधी तपास अधिकारी म्हणतात, आरोपीची पुन्हा गरज लागेल, जामीन देऊ नये. पहिल्या पंधरा दिवसांनंतर पोलीस कोठडी लागू शकते एवढ्याच कारणावर जामीन नाकारता येत नाही, असं संहितेतच लिहिलं आहे. वकिलाने ते वाक्य वाचून दाखवावं.

पूर्वीचे गुन्हे नाहीत, असं मी धरून चालतो. एखादी जुनी अदखलपात्र तक्रार, म्हणजे एनसी, असेल तर तीही वकिलाला सांगा. गडग्यावरून पाच वर्षांपूर्वी दिलेली एनसी चुलत्यांकडून नक्की बाहेर येणार. सुनावणीत ती अचानक समोर आली, तर न्यायाधीशांना वाटतं आरोपीच्या बाजूने काहीतरी दडवलं.

आता मुंबईची नोकरी. पळून जाण्याचा मुद्दा निघाला की सरकारी वकील म्हणतील, आरोपी मुंबईला राहतो, इथे सापडणार नाही. उत्तर सोपं आहे. नोकरीचं ओळखपत्र, पगाराच्या पावत्या, मुंबईच्या खोलीचा करारनामा किंवा वीजबिल, गावातलं घर, आई, मतदारयादीतलं नाव. सुटून परत यायची जागा आणि कारण दोन्ही आहेत, हे यातून दिसतं. पण मी एवढ्यावर थांबणार नाही. ज्या गोष्टीला तुम्ही अडचण समजताय, तीच तुमच्या भावाची सगळ्यात भक्कम बाजू होऊ शकते.

तुमच्या प्रकरणात न्यायाधीशांना खरी काळजी कशाची असेल, विचार करा. जखमी, साक्षीदार आणि आरोपी एकाच वाडीत, एकाच पाणंदीने जाणारे-येणारे. तोंडावर आंब्याचा हंगाम, मग पावसात बागेची कामं, मग गणपती. गडगा जागच्या जागी आणि वादही जागच्या जागी. अशा वेळी आरोपीला वाडीत मोकळं सोडलं तर दुसरं भांडण होईल किंवा साक्षीदार घाबरतील, ही भीती खरी आहे. तेव्हा अर्जातच स्वतःहून लिहा, की दोषारोपपत्र दाखल होईपर्यंत आरोपी त्या गावात पाऊल टाकणार नाही, मुंबईत अमुक पत्त्यावर राहील, ठरवलेल्या दिवशी तिथल्या जवळच्या पोलीस ठाण्यात हजेरी लावेल आणि तारखेला कोर्टात येईल. चाकरमान्याला हे जमतं. गावातच राहणाऱ्या बागायतदाराला अशी अट स्वतःहून देता येत नाही. न्यायाधीशांच्या मनातल्या शंकेला अर्जाच्या पहिल्याच पानावर उत्तर मिळालं तर सुनावणीचा सूर बदलतो. भावाचा हंगाम जाईल आणि बागेचं नुकसान होईल, हे मला कळतं. आंबा काढायला दुसरा कोणी बघा.

याच कारणाने गावकीच्या मंडळींना हात जोडून थांबवा. त्यांचा हेतू चांगला असेल. पण चार माणसं चुलत्यांच्या पडवीत जाऊन ‘तक्रार मागे घे’ म्हणाली, की त्याच दुपारी चुलते ठाण्यात जाऊन सांगतील, आरोपीचे लोक दबाव आणतायत. ते तपास अधिकाऱ्याच्या म्हणण्यात येईल आणि सरकारी वकील ते मोठ्याने वाचतील. जखमी व्यक्तीलाही जामिनाच्या टप्प्यावर आपलं म्हणणं मांडायचा हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केलं आहे. चुलतभाऊ वकील लावून उभा राहू शकतो. मग अर्ज फेटाळायला तेवढा एक कागद पुरतो, आणि तो तुमच्याच माणसांनी पुरवलेला असेल. शिवाय ११८(२) हा गुन्हा आपसात मिटवण्याजोगा नाही. चुलतभाऊ मनापासून म्हणाला ‘माझी तक्रार नाही’, तरी खालचं कोर्ट केस बंद करू शकत नाही. तडजोडीच्या आधारावर गुन्हा रद्द करायचा तर उच्च न्यायालयात जावं लागतं आणि ते पुढचं काम आहे. तेव्हा तूर्त कोणी जायचं नाही, कोणी फोन करायचा नाही, घराण्याच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर या विषयाचा एक शब्द टाकायचा नाही. तुम्हीसुद्धा. चुलतीला भेटून रडावंसं वाटेल, तरी नको.

सुनावणीचा क्रम असा असतो. अर्ज दाखल झाला की न्यायाधीश सरकारी वकिलांचं आणि तपास अधिकाऱ्याचं म्हणणं मागवतात. कोर्टात त्याला ‘से’ म्हणतात. से यायला बहुधा काही दिवस जातात. से आल्यावर त्याची प्रत तुमच्या वकिलाला मिळते. ती मिळाली की थांबा आणि नीट वाचा. त्यात सहसा ठरावीक वाक्यं असतात: आरोपी फरार होईल, साक्षीदारांवर दबाव टाकेल, गुन्हा गंभीर आहे. त्यांतलं कुठलं वाक्य नुसतं भरतीचं आहे आणि कुठल्यामागे काही घटना दिली आहे, हे ओळखायचं असतं. घटना दिली असेल तर तिला घटनेनेच उत्तर द्यावं लागतं. अटकेची कारणं भावाला लेखी, त्याला समजेल अशा भाषेत दिली होती का आणि अटकेची खबर तुम्हाला दिली होती का, हेही वकिलाला सांगा. नसेल दिली तर तो स्वतंत्र मुद्दा आहे.

एक तारीख मात्र तुम्ही स्वतः लिहून ठेवा. भावाला न्यायदंडाधिकाऱ्यांनी पहिल्यांदा कोठडी दिली तो दिवस. अशा गुन्ह्यात त्या दिवसापासून ९० दिवसांत पोलिसांनी दोषारोपपत्र दाखल केलं नाही, तर आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो आणि तेव्हा गुन्ह्याचं गांभीर्य पाहिलं जात नाही. (१० वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यात ही मुदत ६० दिवसांची आहे. म्हणून हाड मोडलं की नाही, याचा इथेही परिणाम होतो.) पण हा हक्क मागावा लागतो. मुदत संपल्यावर अर्ज करायच्या आधी दोषारोपपत्र कोर्टात पोचलं, तर तो गेला. मुदत संपताक्षणी अर्ज आणि हमी दोन्ही तयार हवेत. तुमच्या भावावर तेवढे दिवस आत राहायची वेळ येऊ नये. पण आधीचे अर्ज फेटाळले गेलेच, तर ही तारीख आणि दोषारोपपत्र दाखल झाल्याचा दिवस, या दोन वेळा नव्या अर्जासाठी महत्त्वाच्या. दोषारोपपत्र आलं म्हणजे तपास संपला, परिस्थिती बदलली, आणि पूर्वी नाकारलेला जामीन पुन्हा मागायला कारण मिळतं.

आता सातबाऱ्याचं. आपल्याकडे जामीन मंजूर होऊनही माणसं तुरुंगात राहतात ती बहुतेक या पायरीवर. न्यायाधीश आदेश देतील, समजा, पंचवीस हजारांचा जातमुचलका आणि तेवढ्याच रकमेचा एक जामीनदार. याचा अर्थ पंचवीस हजार भरायचे असा नाही. जातमुचलका म्हणजे मी तारखांना येईन, नाही आलो तर एवढी रक्कम देणं लागेन, असं भावाने स्वतः लिहून दिलेलं वचन. जामीनदार त्याच्यासाठी तेच वचन देतो. भाऊ तारखांना हजर राहिला तर एक पैसाही जात नाही. गैरहजर राहिला तर अजामीनपात्र वॉरंट निघतं आणि जामीनदाराकडून रक्कम वसूल होऊ शकते. म्हणून कोर्ट जामीनदाराची ऐपत पाहतं. जामीनदाराने ऐपत दाखवायला सातबारा आणला आणि त्यावर मरून वीस वर्षं झालेले आजोबा आणि खाली पंधरा सामाईक हिस्सेदार निघाले, तर त्यात या माणसाचं स्वतःचं किती हे कोणाला सांगता येत नाही. कागद परत येतो. भाऊ आणखी चार दिवस आत. हिस्सेदारांत चुलते असतील तर विचारूच नका.

तेव्हा आदेशाची वाट न बघता आजच जामीनदार शोधा. सातबारा फक्त स्वतःच्या नावावर असलेला मामा किंवा आत्याचा यजमान. नाहीतर कायम नोकरीतला शिक्षक, एसटीतला किंवा जिल्हा परिषदेतला कर्मचारी, त्याच्या चालू महिन्याच्या पगारपत्रकासह. घर स्वतःच्या नावावर असेल तर घरपट्टीची पावती. तहसीलदारांचा ऐपतीचा दाखला मागितला जाऊ शकतो आणि तो एका दिवसात निघत नाही, म्हणून अर्ज आजच टाका. आधार, रेशनकार्ड, दोन फोटो. यापूर्वी किती जणांना जामीन राहिलोय, हे जामीनदाराला प्रतिज्ञेवर सांगावं लागतं, ते खरं सांगायचं. कोर्टाच्या आवारात पैसे घेऊन जामीन राहणारे भेटतील. त्यांच्या नादाला लागू नका. त्यांचे कागद खोटे निघाले तर नवा गुन्हा तुमच्या दारात येतो.

जामीनदार मुंबईचाच मिळत असेल, समजा भावाचा तिथला सहकारी, तर ‘स्थानिकच हवा’ असं कोणी म्हणालं तरी गप्प बसू नका. १९७८ च्या मोतीराम प्रकरणात मध्य प्रदेशातल्या एका गवंड्याकडून दहा हजारांचा जामीन मागितला होता आणि त्याच्या भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून त्याला जामीनदार मानलं नव्हतं. सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी हे चुकीचं ठरवलं आणि एक हजाराच्या स्वतःच्या हमीवर त्याला सोडायला सांगितलं. २०२३ मध्ये जामिनाविषयी सूचना देताना सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा म्हटलं, की स्थानिक जामीनदाराच्या आग्रहामुळे सुटका लांबते, अशी अट कोर्टांनी घालू नये. आदेश होऊन महिनाभरात हमी देता आली नाही, तर अटी सैल करता येतात का हे कोर्टाने आपणहून पाहावं, हेही त्या सूचनांत आहे. वकिलाने त्यांचा हवाला द्यावा.

आणखी एक वाट आहे. जामीनदार तयार होईपर्यंत तेवढी रक्कम कोर्टात रोख भरायची परवानगी मागायची. आपल्याकडची न्यायालयं पुष्कळदा रोख भरून घेऊन सोडतात आणि जामीनदार आणायला काही आठवडे देतात. पण ही विनंती जामिनाच्या अर्जातच लिहिलेली बरी. नंतर वेगळा अर्ज, वेगळी तारीख असं होतं. ती रक्कम जामीनदार दिल्यावर परत मागता येते, पावती जपून ठेवा. रोख रकमेसाठी बाग गहाण टाकू नका. रक्कम जास्त वाटली तर कमी करून मागता येते, परिस्थितीच्या मानाने ती अवाजवी असू नये असं कायदाच म्हणतो. जामीनपात्र गुन्ह्यात तर गरिबाला आणखी मोठी सवलत आहे. अटकेपासून आठवड्याभरात जामीनदार देता आला नाही, तर तो गरीबच आहे असं मानून त्याला निव्वळ जातमुचलक्यावर सोडावं लागतं.

वकिलाची फी परवडत नसेल तर रत्नागिरीच्या जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे. कोठडीतल्या माणसाला उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. तुरुंगातून भावालाही अर्ज करता येतो. १५१०० या क्रमांकावर फोन केला तरी चालतो.

हमी स्वीकारली गेली की कोर्टातून सुटकेचा आदेश तुरुंगाकडे जातो. तो हातात पडायच्या आधी त्यावरचं भावाचं पूर्ण नाव, वडिलांचं नाव, गुन्हा क्रमांक आणि कलमं तुरुंगातल्या नोंदीशी जुळतात का, हे कोर्टाच्या कारकुनाकडेच पाहून घ्या. आडनावातल्या एका अक्षराने सुटका दुसऱ्या दिवसावर जाते, आणि तो शनिवार असला तर सोमवारवर. संध्याकाळी उशिरा पोचलेला आदेशही बहुधा दुसऱ्या दिवशीच पाहिला जातो, म्हणून हमीचे कागद सकाळी कोर्ट बसतानाच घेऊन जा. आणि भाऊ सुटला की त्याला थेट रत्नागिरी स्टेशनवर किंवा एसटी स्टँडवर न्या. गाव सोडून राहायची अट असेल तर आईला भेटायला म्हणून एका रात्रीसाठीसुद्धा तो वाडीत येता कामा नये. आईलाच त्या दिवशी रत्नागिरीला आणा.